आयसीडीचा पेशंट: छातीपासून बाटलीपर्यंत

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्या सर्जिकल वॉर्डात छातीला मार लागलेले पेशंट वाढतात. रस्त्याकडेला उभी असलेली उसाची ट्रॉली अंधारात दिसत नाही आणि मोटरसायकल सरळ जाऊन धडकते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या छातीत नळी घालावी लागते. तिला आम्ही आयसीडी म्हणतो. वॉर्डात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आयसीडीच्या पेशंटची धास्ती असते. बाटलीतल्या पाण्याचा पुस्तकातला अर्थ पाठ असतो, पण रात्री दोन वाजता ते पाणी हलेनासं झालं की काय करायचं, हे सुचत नाही. म्हणून एका पेशंटची हकीकत सुरुवातीपासून सांगते. त्याच्या नळीने आम्हाला जवळजवळ सगळ्या अडचणी दाखवल्या.

पेशंट साधारण तिशीतला होता. उजव्या बाजूच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या बरगडीला फ्रॅक्चर होतं. कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा श्वास मिनिटाला ३२, नाडी ११८ आणि सॅच्युरेशन ८८ होतं. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला फुप्फुसाभोवती हवा आणि रक्त दोन्ही दिसलं. डॉक्टरांनी काखेखाली, पाचव्या फटीत २८ नंबरची नळी घातली आणि बाटलीला जोडली. रात्री नऊच्या सुमारास तो आमच्या वॉर्डात आला. तोवर सॅच्युरेशन ऑक्सिजनवर ९५ झालं होतं. माझी नाइट ड्युटी होती, आणि सोबत जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती.

आयसीडीचा पेशंट ताब्यात घेताना मी बाटलीकडे आधी बघत नाही. आधी पेशंटचा चेहरा, बोलताना धाप लागते का, छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का, हे बघते. मग ड्रेसिंग. ते कोरडं आहे का, टाका पक्का आहे का, आजूबाजूच्या कातडीवर बोटं दाबली की खाली कुरकुर लागते का. तशी कुरकुर लागली तर कातडीखाली हवा शिरलेली असते. मग हात नळीवर ठेवून खाली यायचं. जोड घट्ट आहे का, नळी कुठे मुडपली आहे का, ती लोंबते आहे का. बाटली सगळ्यात शेवटी. हा क्रम मी त्या मुलीला त्या रात्री तीनदा करायला लावला. पुढे जे जे बिघडलं ते या क्रमानेच सापडलं.

बाटलीजवळ पोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती कागदावरची. केसपेपरवर ड्रेन ९५० मिली लिहिलं होतं. बाटलीत रक्तमिश्रित पाणी ९५०च्या रेषेवर होतं हे खरं. पण आमच्याकडच्या मोठ्या बाटलीत सुरुवातीलाच ५०० मिली निर्जंतुक पाणी भरावं लागतं. म्हणजे रक्त आलं होतं ४५० मिली. हा फरक लहान नाही. नळी घातल्या घातल्या १५०० मिलीच्या वर रक्त आलं, किंवा तासाला २०० मिलीप्रमाणे दोन ते चार तास येत राहिलं, तर सर्जन छाती उघडण्याचा विचार करतात. त्यांचा निर्णय आपण लिहिलेल्या आकड्यावर होतो. म्हणून पाणी भरतानाच बाटलीवर चिकटपट्टी लावायची आणि त्यावर तारीख, वेळ आणि भरलेलं पाणी लिहायचं. पुढे दर तासाला पातळीवर रेघ मारून वेळ टाकायची. वजाबाकी करून आलेला आकडाच चार्टवर जातो. मी डॉक्टरांना फोन करून आकडा दुरुस्त करून घेतला.

दुसरी गोष्ट पाण्याच्या खोलीची. बाटलीतली लांब काचनळी पाण्याखाली साधारण दोन सेंटीमीटर बुडालेली असावी लागते. छातीतली हवा तेवढं पाणी ढकलून बाहेर येते, पण बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. पाण्याचं सील म्हणजे एवढंच. आता याच बाटलीत रक्त साठत गेलं की पातळी चढते आणि काचनळी आणखी खोल बुडते. आमच्या बाटलीत ४५० मिली रक्ताने पातळी सुमारे चार सेंटीमीटर चढली होती. म्हणजे नळीचं टोक सहा सेंटीमीटर खोल गेलं होतं. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ थोडी बुडवून फुंकर मारा, मग तळापर्यंत नेऊन मारा. दुसऱ्या वेळी जोर जास्त लागतो. बरगड्या मोडलेल्या माणसाला तो जोर लावता येत नाही, आणि हवा आतच राहते.

म्हणून बाटली बदलायचं ठरलं. क्लॅम्प वापरायला परवानगी असलेल्या थोड्या कामांपैकी हे एक. नवीन बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून, झाकण लावून, सगळी तयारी आधी केली. पेशंटला सांगितलं, "दादा, थोडा वेळ नळी दाबून धरणार आहे, श्वास नेहमीसारखा घ्या." छातीजवळ दोन क्लॅम्प एकमेकांच्या उलट दिशेने लावले. क्लॅम्पच्या दातांना रबर होतं, नाहीतर नळीला भोक पडतं. बाटली बदलली, जोड घट्ट केला आणि लगेच क्लॅम्प काढले. त्याला खोकायला लावलं. चार-पाच बुडबुडे आले. श्वास आत घेताना काचनळीतलं पाणी वर चढत होतं, सोडताना खाली येत होतं. चार-पाच सेंटीमीटरची ही हालचाल म्हणजे कॉलम मूव्हमेंट. नळी मोकळी आहे आणि तिचं टोक फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत आहे, असं ती सांगते. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर हेच उलटं दिसतं, कारण तिथे मशीन हवा आत ढकलत असतं.

दहा, अकरा आणि बारा वाजता तासाला ४० ते ५० मिली आलं. डॉक्टरांची सूचना होती, तासाला १०० मिलीच्या वर गेलं तर फोन करा. मग एक वाजता काहीच आलं नाही. दोन वाजता विद्यार्थिनी माझ्याकडे आली. म्हणाली, "सिस्टर, ड्रेन थांबला. रक्तस्राव बंद झाला वाटतं."

मी जाऊन बघितलं. कॉलम स्थिर होता. पाणी वर-खाली होत नव्हतं. कॉलम थांबण्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. एक, फुप्फुस पूर्ण फुललं आणि नळीच्या भोकांना चिकटलं. ही चांगली बातमी. दुसरा, नळी बंद झाली. बाटली दोन्ही वेळा सारखीच दिसते. फरक पेशंटकडे बघून कळतो. फुप्फुस फुललेला पेशंट आदल्यापेक्षा बरा दिसतो. आमच्या पेशंटचा श्वास २२वरून २८वर गेला होता, सॅच्युरेशन ९६वरून ९३ झालं होतं, आणि "छातीत दडपल्यासारखं होतंय" असं तो म्हणत होता. शिवाय काही तासांपूर्वी खोकल्यावर बुडबुडे येत होते. एवढ्यात फुप्फुस पूर्ण फुललं असण्याची शक्यता कमी होती. म्हणजे नळी बंद.

छातीपासून हात फिरवत खाली आले. झोपेत तो उजव्या कुशीवर वळला होता आणि नळी त्याच्या अंगाखाली दबली होती. त्याला पाठीवर घेऊन पाठ उंच केली. तरी कॉलम हलेना. आणखी खाली गेल्यावर खरं कारण दिसलं. नळी पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होती, तिथून पुन्हा वर चढून बाटलीत जात होती. त्या लोंबत्या झोळात रक्त साठून राहिलं होतं. झोळात द्रव भरला की हवेला आधी तो ढकलावा लागतो. झोळ जितका खोल आणि भरलेला, तितका अडथळा मोठा.

मी नळी थोडी थोडी उचलून रक्त बाटलीकडे उतरवलं. जादा लांबी पलंगावर आडवी गुंडाळली आणि चादरीला चिकटपट्टीने सैल अडकवली. तिथून बाटलीपर्यंत नळी सरळ खाली सोडली. कुशीवर वळता येईल एवढी ढील ठेवली. लगेच १२० मिली एकदम आलं. कॉलम हलायला लागला आणि खोकल्यावर बुडबुडे आले.

१२० मिली एकदम बघून त्या मुलीचा चेहरा उतरला. माझ्याही पोटात गोळा आला, हे कबूल करते. पण हे रक्त जुनं की नवं, हे तिथेच ठरवायचं असतं. जुनं रक्त काळपट असतं, अडथळा दूर झाला की किंवा कूस बदलली की एकदम येतं आणि थांबतं. नवा रक्तस्राव लालभडक असतो, कोमट लागतो, येतच राहतो, आणि नाडी वाढत जाते. आम्ही पंधरा मिनिटं तिथेच थांबलो. आणखी दहा मिली आलं आणि थांबलं. नाडी ९६ होती, बीपी ठीक होतं. डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं आणि वेळ टाकून लिहून ठेवलं.

झोळ काढूनही कॉलम हलला नसता तर? नळीत गुठळी दिसत असेल तर ती जागा बोटांनी हलकेच दाबून सोडायची, तेही वॉर्डात तशी पद्धत असेल तर. नळी चिमटीत धरून लांबपर्यंत जोराने ओढत आणायची नाही. त्याने आत फार मोठा ऋण दाब तयार होतो आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. तेवढ्याने मोकळी झाली नाही तर डॉक्टरांना बोलवायचं. श्वास वाढत असेल तर थांबायचं नाही.

सकाळी एक्स-रे झाला. फुप्फुस बरंच फुललं होतं, पण वरच्या भागात हवा उरली होती. सर्जननी सक्शन लावायला सांगितलं, वीस सेंटीमीटर पाण्याएवढं. म्हणजे पहिल्या बाटलीला दुसरी बाटली जोडायची आणि तिला भिंतीतलं सक्शन. दुसऱ्या बाटलीतली मधली उघडी नळी वीस सेंटीमीटर बुडालेली असते आणि ओढ किती लागेल हे ती खोली ठरवते. भिंतीवरचं बटण कितीही फिरवलं तरी ओढ तेवढीच राहते, फक्त बुडबुडे वाढतात आणि पाणी लवकर उडून जातं. पाणी कमी झालं की ओढही कमी होते. म्हणून बुडबुडे मंद ठेवायचे आणि पातळी दर पाळीला बघायची.

दुसऱ्या रात्री ड्युटीवर आले तेव्हा नवाच गोंधळ होता. दिवसपाळीने सांगितलं, "बबलिंग छान चालू आहे." दुसऱ्या बाटलीतले बुडबुडे चालू असायलाच हवेत. पण इथे पहिल्या बाटलीत, सीलच्या पाण्यात, सतत बुडबुडे येत होते. श्वास घेताना, सोडताना, गप्प पडलेला असताना. आदल्या रात्री ते फक्त खोकल्यावर येत होते. पेशंट मात्र निवांत होता, श्वास २०, सॅच्युरेशन ९७.

सतत बुडबुडे म्हणजे सक्शन कुठून तरी हवा खेचतं आहे. ती फुप्फुसाच्या जखमेतून येत असेल, नळीच्या भोवतालच्या फटीतून येत असेल, किंवा बाहेरच्या एखाद्या सैल जोडातून. हे शोधायची पद्धत सोपी आहे. नळी छातीजवळ दोन-तीन सेकंद दाबायची आणि सीलचं पाणी बघायचं. बुडबुडे थांबले तर हवा दाबलेल्या जागेच्या वरून, म्हणजे पेशंटच्या बाजूने येते. चालूच राहिले तर गळती खाली, बाटलीच्या बाजूला आहे. मग थोडं थोडं खाली सरकत दाबत यायचं. ज्या जागी दाबल्यावर बुडबुडे पहिल्यांदा थांबतात, तिच्या जरा वरच गळती असते. प्रत्येक वेळी लगेच सोडायचं, आणि पेशंटला जरा जरी धाप लागली तर तिथेच थांबायचं.

त्या मुलीला पाण्याकडे बघायला बसवलं आणि मी दाबत आले. छातीजवळ दाबलं. "चालू आहेत, सिस्टर." जोडाच्या वर दाबलं. चालू. जोडाच्या खाली दाबलं. "थांबले!" छातीची नळी आणि लांब नळी यांना जोडणारा प्लास्टिकचा तुकडा अर्धा बाहेर आला होता. कूस बदलताना ओढला गेला असणार. ग्लोव्ह्ज घालून, स्पिरिटने पुसून तो आत दाबून बसवला. जोडावर चिकटपट्टी उभी लावली, दोन बाजूंना दोन पट्ट्या, म्हणजे मधला तुकडा दिसत राहतो. गोल गुंडाळली तर आतला जोड सुटला तरी कळत नाही. बुडबुडे थांबले. खोकल्यावर दोन-तीन आले, तेवढेच.

हे वेळेत सापडलं नसतं तर सकाळच्या राउंडला 'फुप्फुसातून सतत हवा गळते' असं धरलं गेलं असतं आणि नळी विनाकारण आणखी काही दिवस राहिली असती. छातीजवळ दाबल्यावरच बुडबुडे थांबले असते, तर ड्रेसिंग बघून डॉक्टरांना बोलावलं असतं. नळी थोडी बाहेर सरकून तिचं एखादं भोक कातडीबाहेर आलेलं असू शकतं. अशी नळी आपण आत ढकलायची नाही.

पण हा प्रकार सक्शन असतानाचा आहे. सक्शन नसेल तर सैल जोडाने सीलमध्ये जास्त बुडबुडे येत नाहीत, उलट कमी होतात किंवा बंद पडतात. श्वास घेताना त्या फटीतून बाहेरची हवा छातीत शिरते, कॉलमची हालचाल मंदावते आणि पेशंटला धाप लागते. म्हणून साध्या सीलवरच्या पेशंटचे बुडबुडे अचानक गायब झाले, तर बरं वाटून घेण्याआधी जोड बघा.

सर्वात वाईट प्रसंग तिसऱ्या दिवशी दुपारी घडला. त्या आठवड्यात पाळी बदलून मी दिवसाला आले होते. पुन्हा एक्स-रे काढायचा होता. सक्शन काढून पहिली बाटली एकटी पेशंटबरोबर पाठवायची, असं ठरलं होतं. सक्शन काढताना नुसतं बटण बंद करून चालत नाही. सक्शनची नळी बाटलीपासून सोडवावी लागते, म्हणजे बाटलीची हवा जायची वाट उघडी राहते. ती बंद राहिली तर छातीतून आलेल्या हवेला बाहेर जायला जागाच उरत नाही. तेवढं काम मी केलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

थोड्या वेळाने लिफ्टजवळून नातेवाईक धावत आले. पेशंट ट्रॉलीवर अर्धवट उठून बसला होता, श्वास चाळीसच्या घरात, अंगाला घाम, बोलता येत नव्हतं. बाटली ट्रॉलीवर त्याच्या पायांमध्ये ठेवली होती आणि नळीला क्लॅम्प लावला होता. वॉर्डातल्या मामांनी ते चांगल्या हेतूने केलं होतं. ट्रॉलीला खाली हुक नव्हता. बाटली वर ठेवली तर पाणी उलटं छातीत जाईल, म्हणून त्यांनी क्लॅम्प लावला. पूर्वी कुणीतरी त्यांना तसंच शिकवलं होतं.

पण या पेशंटच्या फुप्फुसातून अजून हवा गळत होती. क्लॅम्प लागल्यावर ती प्रत्येक श्वासाबरोबर आत साठत गेली. साठत साठत ती फुप्फुस दाबते, मग हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्याही दाबते. बीपी पडतं. थोड्या मिनिटांत जीव जाऊ शकतो. ज्या नळीतून बुडबुडे येतात किंवा खोकल्यावर येतात, ती नेण्या-आणण्यासाठी कधीही क्लॅम्प करायची नसते.

इथे हात आधी क्लॅम्पकडे जातो. पण बाटली वर असताना क्लॅम्प काढला, तर बाटलीतलं रक्ताचं पाणी छातीत ओढलं जाईल. म्हणून आधी बाटली जमिनीवर ठेवली, मग क्लॅम्प काढला. ही दोन्ही कामं मिळून काही सेकंदांची आहेत, पण क्रम हाच हवा. पाण्यात एकदम जोरात बुडबुडे उसळले आणि बराच वेळ येत राहिले. ऑक्सिजन लावला, त्याला बसतं केलं, डॉक्टरांना हाक मारली. नाडी १४० होती, बीपीचा वरचा आकडा ९०. दोन-तीन मिनिटांत श्वास उतरायला लागला. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, "आता सुटलो." माझे हात तेव्हा थरथरायला लागले. काम चालू होतं तोवर थरथरले नव्हते.

क्लॅम्प काढूनही तो सुधारला नसता, तर डॉक्टरांना ताबडतोब दुसरीकडून हवा काढावी लागली असती. म्हणून अशा वेळी पेशंटला सोडून फोन करायला धावायचं नाही. ओरडून माणूस बोलवायचं.

नंतर तपासताना त्याच्या गळ्यापर्यंत कातडीखाली कुरकुर लागत होती. आत साठलेली हवा कातडीखाली पसरली होती. ती कुठवर आहे त्याच्या कडेवर पेनने रेघ मारली. दर दोन तासांनी बघितलं. रेघ ओलांडून गेली नाही, दोन-तीन दिवसांत जिरली. ती चेहऱ्याकडे पसरली असती, आवाज बदलला असता किंवा गिळायला त्रास झाला असता, तर ती तातडीची गोष्ट होती.

त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात एक बदल केला. आयसीडीच्या पेशंटबरोबर सिस्टर किंवा विद्यार्थी जातोच. बाटली छातीच्या पातळीच्या खूप खाली, उभी धरून न्यायची. ट्रॉलीला बाटली अडकवायचा हुक बसवून घेतला. क्लॅम्प पलंगाजवळ असतात, पण बाटली बदलणे, गळती शोधणे आणि डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेली गोष्ट, एवढ्यासाठीच. डॉक्टर तसं लिहितात ते उदाहरणार्थ छातीत खूप पाणी साठलेल्या पेशंटला. तिथे एका वेळी दीड लिटरच्या आसपास पाणी निघालं की थांबावं लागतं, नाहीतर दबलेलं फुप्फुस एकदम फुलून त्यात पाणी साठू शकतं.

आता पलंगाजवळ क्लॅम्पशिवाय आणखी काही गोष्टी ठेवतो. निर्जंतुक सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉज, व्हॅसलिन गॉज आणि रुंद चिकटपट्टी. नळी जोडातून सुटली किंवा बाटली फुटली, तर छातीच्या नळीचं टोक लगेच सलाइनच्या बाटलीत दोन सेंटीमीटर बुडवायचं. तेच तात्पुरतं सील. पेशंटला खोकायला सांगायचं, म्हणजे आत शिरलेली हवा निघते. मग नवी बाटली, नवी नळी. जमिनीवर पडलेलं टोक पुन्हा जोडायचं नाही. आणि नळी छातीतूनच निघून आली, तर भोक ताबडतोब गॉजने झाकायचं. हवा गळत असलेल्या पेशंटला पट्टी तीन बाजूंनीच चिकटवायची, चौथी बाजू मोकळी, म्हणजे आतली हवा बाहेर पडू शकते. डॉक्टर येईपर्यंत त्याच्याजवळून हलायचं नाही.

आमच्या पेशंटचं पुढचं काम दुखण्याचं होतं. बरगड्या दुखतात म्हणून तो खोकत नव्हता, खोल श्वास घेत नव्हता, उजवा हात उचलत नव्हता. अशाने फुप्फुस फुलत नाही, खांदा आखडतो. वेदनाशामक इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने व्यायाम, असं वेळापत्रक केलं. खोकताना उशी छातीला घट्ट धरायला शिकवलं. चौथ्या दिवशी सक्शन काढलं आणि तो बाटली हातात खाली धरून वॉर्डात फिरायला लागला. बायकोला आम्ही एकच गोष्ट घोकून घेतली होती, बाटली कमरेच्या वर उचलायची नाही.

मग खोकल्यावरही बुडबुडे येईनासे झाले. चोवीस तास आम्ही दर पाळीला त्याला खोकायला लावून बघितलं. दिवसाचा ड्रेन ६० मिलीवर आला, तोही पिवळसर. कॉलमची हालचाल जेमतेम उरली होती, पण यावेळी पेशंट ताजातवाना होता, श्वास १८, आणि एक्स-रेमध्ये फुप्फुस पूर्ण फुललेलं. पहिल्या रात्री याच खुणेचा अर्थ उलटा होता.

नळी काढण्याआधी त्याच्याकडून सराव करून घेतला. खोल श्वास घ्यायचा, धरून ठेवायचा आणि शौचाला जोर लावतो तसा जोर करायचा. त्या क्षणी डॉक्टरांनी नळी एका दमात बाहेर काढली, दुसऱ्यांनी आधीच घालून ठेवलेला टाका आवळला, आणि मी व्हॅसलिन गॉजची घट्ट पट्टी लावली. नंतर एक्स-रे काढला. पुढचे काही तास श्वास, सॅच्युरेशन आणि पट्टीभोवतीची कुरकुर बघत राहिलो. काही निघालं नाही. घरी जाताना सांगितलं, एकदम धाप लागली, छातीत कळ आली, ताप आला किंवा जखमेतून हवा अगर पू आला, तर वाट न बघता परत या.

पाळी बदलताना आम्ही आता अशी नोंद सांगतो, आणि तुम्हीही अशीच सांगा: "बेड सात. उजवी आयसीडी, दुसरा दिवस. श्वास २०, सॅच्युरेशन ९७. ड्रेसिंग कोरडं, कुरकुर नाही. जोड घट्ट, झोळ नाही. कॉलम तीन सेंटीमीटर. बुडबुडे फक्त खोकल्यावर. गेल्या आठ तासांत ९० मिली, काळपट लाल, पातळीवर रेघ आहे. क्लॅम्प लावलेला नाही." यातलं एकही वाक्य लांबून बघून सांगता येत नाही. म्हणून ओव्हर देणारी आणि घेणारी, दोघींनीही पेशंटच्या पलंगाजवळ उभं राहायचं.